डोळ्यातला हरवलेला ठिपका: फोटोतली निर्जीव नजर जिवंत कशी होते?

मासळीबाजारात मुरलेलं गिऱ्हाईक बांगडा हातात घेतलं की आधी डोळा बघतं. डोळा फुगीर, ओला, चकचकीत असेल तर मासा ताजा. आत गेलेला, दुधाळ, मंद असेल तर पुढच्या पाटीकडे. हे कुणी शिकवावं लागत नाही. ओल्या डोळ्यावर उजेड चमकतो आणि चमकणारा डोळा म्हणजे जीव, हे आपल्या नजरेत पक्कं बसलेलं आहे.

त्यामुळे फोटोत ती चमक नसली की काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण बिघडलंय हे लगेच कळतं. गेल्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आजीचा फोटो घेऊन आली. पंच्याहत्तरीच्या समारंभात दारात लावायला १२ × १६ इंचांचा हवा होता. फोटो फोनवर काढलेला, पण नीट काढलेला. नऊवारी, नथ, चेहऱ्यावर हसू, सगळं जागेवर. "काका, सगळं छान आहे, पण आजी आपल्याकडे बघतच नाहीये," ती म्हणाली. आजी सरळ कॅमेऱ्यात बघत होती. दोन्ही बुबुळं मात्र शर्टाच्या काळ्या बटणांसारखी सपाट होती.

डोळ्यात दिसणाऱ्या प्रकाशाच्या त्या ठिपक्याला फोटोग्राफीत कॅचलाइट म्हणतात. या लेखात मी त्याला ठिपकाच म्हणणार आहे. आजीच्या फोटोत तो नव्हता, तो नंतर घालावा लागला. हल्ली फोनवरच्या फोटो सुधारण्याच्या बऱ्याच ॲपमध्ये डोळे उजळण्याची पट्टी असते, तरी तिने काम का होत नाही आणि हाताने करायचं तर कसं, हे या एकाच फोटोवरून सांगतो.

डोळा हा आरसा आहे, तोही फुगीर

स्टीलचा घासलेला तांब्या खिडकीसमोर धरा. त्याच्या पोटावर अख्खी खिडकी दिसते, पण नखाएवढी आणि कडा वाकलेली. डोळ्याचं तेच. बुबुळाच्या पुढे पारदर्शक, घुमटासारखं पारपटल असतं आणि त्यावर अश्रूंचा पातळ थर असतो. हा ओला घुमट शाळेत शिकलेल्या बहिर्वक्र आरशासारखं काम करतो. समोर जे काही उजळ असेल त्याची इवलीशी प्रतिमा तो दाखवतो.

तांब्यात आणि डोळ्यात एक मोठा फरक आहे. तांब्या बराचसा प्रकाश परत फेकतो. डोळा शंभरातला जेमतेम दोन भाग परत फेकतो, बाकीचा आत जाऊ देतो. शेवटी त्याचं काम बघण्याचं आहे. म्हणजे आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा कितीतरी पटींनी उजळ असेल तीच गोष्ट डोळ्यात ठिपका म्हणून उमटते: दिवा, खिडकी, उन्हातली भिंत, आकाश. समोर उभ्या माणसाचा पांढरा सदरा सहसा उमटत नाही.

इथेच मऊ प्रकाशातले फोटो फसतात. चेहऱ्यावर तेवढाच उजेड एका खिडकीतून आला किंवा अख्ख्या ढगाळ आकाशातून आला, तर चेहरा साधारण तेवढाच उजळ दिसेल. पण खिडकी लहान असूनही तेवढा उजेड देते, म्हणजे ती स्वतः जास्त प्रखर असली पाहिजे. तिचा डोळ्यात लख्ख ठिपका पडतो. आकाशाचा मात्र बुबुळभर पसरलेला राखाडी धुरकटपणा होतो, काचेवर वाफ धरावी तसा. "लाइट इतका सुंदर होता, मग डोळे असे का?" या प्रश्नाचं बहुतेक वेळा हेच उत्तर असतं.

भर दुपारी डोळे का विझतात

आरशाचा नियम आठवा. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. त्यामुळे प्रकाश कॅमेऱ्यापासून जितका बाजूला असेल, त्याच्या निम्म्या कोनावर घुमटावर ठिपका पडतो. दिवा ४० अंश डावीकडे असेल तर ठिपका मधल्या बिंदूपासून २० अंश डावीकडे.

याची मापंही निघतात. पारपटलाच्या घुमटाची त्रिज्या माणसात साधारण ७.८ मिलिमीटर असते आणि बुबुळाचा व्यास सुमारे १२. माणसामाणसांत फरक फार थोडा असतो, म्हणून बुबुळ ही फोटोतली हक्काची फूटपट्टी आहे. हिशेब मांडला तर ४० अंशांवरच्या दिव्याचा ठिपका केंद्रापासून २.७ मिलिमीटरवर पडतो, म्हणजे बुबुळाच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून थोडा अलीकडे. दिवा ९० अंशांवर, अगदी कानाच्या रेषेत गेला, तर ठिपका साडेपाच मिलिमीटरवर, जवळजवळ बुबुळाच्या काठावर जातो. दिवा आणखी मागे गेला की संपलं. पारपटल तिथे संपतं आणि पुढे फक्त डोळ्याचा पांढरा भाग उरतो, जो इतका नीट आरसा नाही.

आता दिवा बाजूला न ठेवता डोक्यावर न्या. दुपारी बाराचा सूर्य तोच. ठिपका साडेपाच मिलिमीटर वर जातो आणि तिथे वरची पापणी असते. भुवई आडवी येते ती वेगळीच. डोक्यावर इतका उजेड असूनही डोळ्यात ठिपका नाही, कारण तो पापणीआड गेलेला असतो. लग्नात मांडवाबाहेर काढलेले सामूहिक फोटो काढून बघा.

आजीच्या फोटोत काय झालं होतं

आजी ओट्यावर बसली होती. वर पत्रा, समोर अंगण, आषाढातलं ढगाळ आभाळ. पत्र्याने वरचं आकाश अडवलं होतं, त्यामुळे उजेड फक्त अंगणाच्या बाजूने, फोटोत आपल्या डाव्या हाताकडून येत होता. नाकाची अगदी फिकट सावली उजवीकडे पडली होती, त्यावरून हे कळलं. ठिपका घालण्याआधी ही सावली शोधायचीच. ती सापडत नसेल तर गाल, हनुवटी, नथीतले मोती बघायचे. मोती म्हणजे छोटे आरसेच. आजीच्या नथीतल्या प्रत्येक मोत्यावर डावीकडे, किंचित वर एक उजळ डाग होता. याहून चांगला साक्षीदार मिळत नाही.

मग फोटो दोनशे टक्के मोठा करून बुबुळ तपासलं. हे फार जण करत नाहीत. ठिपका बऱ्याचदा असतो, फक्त अंधुक असतो. असेल तर नवा काढायचाच नाही, आहे तोच उजळायचा, कारण त्याची जागा, आकार, कडा सगळं निसर्गाने बरोबर करून ठेवलेलं असतं. आजीच्या एका डोळ्यात राखाडी पुसटसा डाग होता. दुसऱ्यात काहीच नव्हतं. कमी उजेडात फोन फोटोतले दाणे पुसतो, त्या पुसण्यात तो गेला असावा. जो होता तोही इतका तुटका होता की उजळल्यावर चिखलाचा शिंतोडा वाटला. म्हणजे नवा काढणं भाग होतं. पण त्या शिंतोड्याने जागा सांगून ठेवली.

ठिपका कुठे, केवढा

फोटोत आजीचं बुबुळ ९६ पिक्सेल रुंद होतं. पिक्सेल म्हणजे फोटोतला सगळ्यात लहान चौकोनी कण. बुबुळ १२ मिलिमीटरचं, म्हणजे मिलिमीटरला ८ पिक्सेल.

अंगणाकडची मोकळी जागा मी अंदाजे ४० अंश डावीकडे आणि १५ अंश वर धरली. निम्मे कोन २० आणि साडेसात. म्हणजे ठिपका केंद्रापासून २१ पिक्सेल डावीकडे आणि ८ पिक्सेल वर. घड्याळाच्या भाषेत पावणेदहाच्या जागी. तो जुना शिंतोडा याच्यापासून दोन-तीन पिक्सेलवर होता. मला बरं वाटलं, कारण अंदाज हा अंदाजच असतो.

आकाराचा हिशेब याहून सोपा. असा फुगीर आरसा दूरच्या वस्तूची प्रतिमा किती लहान करतो ते अंतरावर ठरतं. वस्तूच्या रुंदीला तिच्या अंतराने भागायचं आणि ३.९ मिलिमीटरने, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्याने, गुणायचं. ओट्याच्या दोन खांबांमधली उघडी जागा दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर दूर धरली तर प्रतिमा २.३ मिलिमीटर येते, म्हणजे सुमारे १८ पिक्सेल. बुबुळाच्या पाचव्या हिश्शाएवढी. नवशिके याच्या दुप्पट ठिपका काढतात आणि डोळा काचेच्या गोटीसारखा दिसतो.

आकारही मनाला येईल तो नको. समोर दोन खांबांमधली जागा असेल तर ठिपका उभट चौकोनी आणि कडांना किंचित वाकलेला हवा, गोल नको. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने १५०२ मध्ये रंगवलेल्या प्रसिद्ध सशाच्या डोळ्यात चौकटीची खिडकी दिसते, त्यामुळे चित्रात दुसरं काही नसतानाही ससा खोलीत बसलाय असं वाटतं. ठिपका म्हणजे समोरच्या जागेचं छोटं चित्र असतं.

प्रत्यक्ष काम

फोटोशॉपमध्ये मी मूळ फोटोवर एक रिकामा थर घेतला आणि त्याची मिसळण्याची पद्धत `Screen` ठेवली. जिम्पमध्येही याच नावाने ती मिळते. कारण असं की परावर्तन खालच्या रंगाला झाकत नाही, त्यावर उजेडाची भर घालतं. साध्या पद्धतीने काढलेला पांढरा ठिपका बुबुळावर खडूने टेकवल्यासारखा बसतो. `Screen` मध्ये तो बुबुळाच्या मधल्या काळ्या बाहुलीवर आणि भोवतीच्या तपकिरी भागावर आपापल्या परीने उजळतो.

रंग शुभ्र घेतला नाही. ढगाळ आभाळ निळसर असतं, म्हणून लाल २२५, हिरवा २३०, निळा २३५. घरातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो असता तर उलट, किंचित पिवळट घेतला असता. आकार काढल्यावर `Gaussian Blur` दीड पिक्सेल दिलं. फोटोतल्या पापणीच्या केसाची कड जितकी तीक्ष्ण तितकीच ठिपक्याची हवी, हा माझा निकष. मग थराची तीव्रता ६५ टक्क्यांवर आणली. पापणीचे दोन केस ठिपक्यावरून जात होते, तेवढ्या जागी थर पुसला. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण न केल्यास ठिपका पापणीच्या पुढे तरंगतो.

दुसऱ्या डोळ्यासाठी तोच ठिपका उचलून नेला, न उलटवता. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चेहऱ्याचे दोन भाग एकमेकांचे आरसे असल्यामुळे हात आपोआप ठिपका उलटवून ठेवतो. एका डोळ्यात दहाच्या जागी, दुसऱ्यात दोनच्या. तसं केलं की माणूस तिरळा दिसतो, डोळे नाकाकडे वळल्यासारखे. हा निव्वळ भास नाही. तिरळेपणा तपासताना डोळ्यांचे डॉक्टर टॉर्च धरून दोन्ही डोळ्यांतला हाच ठिपका बघतात. तिला हिर्शबर्ग चाचणी म्हणतात आणि त्यात ठिपका एक मिलिमीटर सरकला तर डोळा ७–८ अंश वळला आहे असं धरतात. आजीच्या फोटोत एक मिलिमीटर म्हणजे ८ पिक्सेल. माउस एवढासा हलला की आजी तिरळी!

दुसरा डोळा नाकाच्या पलीकडे, उजेडापासून दूर होता, म्हणून तिथे तीव्रता ५० टक्के ठेवली.

नुसता ठिपका पुरत नाही

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करणाऱ्याला डोळ्यातला पांढरा बिंदू देताना पाहिलं असेल तर त्याआधी त्याने बुबुळात किती छटा दिल्या होत्या हेही आठवेल. फोटोतही तसंच आहे. डावीकडून आलेला उजेड पारपटलातून वाकून आत शिरतो आणि बुबुळाच्या पलीकडच्या, म्हणजे उजव्या-खालच्या भागावर पडतो. ठिपका पावणेदहाला असेल तर बुबुळ पावणेचारच्या बाजूला किंचित उजळ दिसलं पाहिजे.

आपल्याकडे याला जास्त महत्त्व आहे. गडद तपकिरी डोळ्यात बाहुली आणि बुबुळ फोटोत एकच काळं वर्तुळ होऊन बसतात. आजीचे डोळे "बटणांसारखे" दिसत होते ते अर्धे यामुळेच. मी मऊ ब्रशने, १० ते १५ टक्क्यांच्या बळाने, त्या बाजूची चंद्रकोर उजळली. तपकिरी रंग वर आला, बाहुली वेगळी झाली. उलट ठिपका मात्र गडद डोळ्यावर आधीच उठून दिसतो, त्यामुळे घाऱ्या डोळ्यांसाठी सांगितलेली तीव्रता आपल्याला जास्त होते.

डोळ्याच्या पांढऱ्या भागाला मी हात लावत नाही. पंच्याहत्तरीच्या माणसाचा तो भाग पिवळसर, शिरा असलेलाच असतो. तो पांढराफेक केला की चिनी मातीची बाहुली तयार होते. फोनच्या ॲपमधली पट्टी नेमकं हेच करते: पांढरं, बुबुळ, पापणीची कड, सगळं एकसारखं उजळते. उजेड कुठून आला हे त्या पट्टीला विचारताच येत नाही.

"पण मग हे खोटंच झालं ना?"

काही अंशी हो. पासपोर्टच्या, ओळखपत्राच्या फोटोत असला हात लावू नये, तिथे फोटोत फेरफार चालत नाही. बातमीच्या छायाचित्रात तर अजिबात नाही. तिथे नसलेली गोष्ट घालणं हा गुन्ह्याइतकाच गंभीर दोष मानतात. हॅनी फरीद आणि मायका जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की डोळ्यांतल्या या ठिपक्यांवरून प्रकाशाची दिशा काढता येते. एकाच फोटोतल्या दोन माणसांच्या ठिपक्यांची दिशा जुळली नाही तर फोटो जोडलेला असल्याचा संशय घेता येतो. माझा वरचा हिशेब तेच गणित उलटं फिरवून केलेला आहे.

घरच्या भिंतीवरच्या फोटोचं मात्र मला वेगळं वाटतं. फिल्मच्या काळातही स्टुडिओतले रिटचर निगेटिव्हवर शिसपेन्सिलने बारीक टिंब देत. निगेटिव्हवर काळं ते छापल्यावर पांढरं. सिनेमावाल्यांनी तर त्यासाठी दिवाच लावला. मुंबईत जन्मलेल्या हॉलिवूडच्या अभिनेत्री मर्ल ओबेरॉन यांच्या चेहऱ्यावर अपघाताचे व्रण होते. ते लपावेत म्हणून छायाचित्रकार ल्यूसियन बॅलार्ड यांनी कॅमेऱ्याला खेटून छोटा दिवा बसवला. तो पुढे "ओबी" म्हणून ओळखला जाऊ लागला आणि डोळ्यात चमक आणायलाही तोच वापरात आला.

माझी मर्यादा एवढीच: त्या वेळी तिथे खरोखर असू शकला असता असाच ठिपका घालायचा. ओट्यावर बसलेल्या आजीच्या डोळ्यात स्टुडिओतल्या गोल रिंग लाइटचं कडं घातलं तर ते मला खोटं वाटतं.

"ऑपरेशन झालेला डोळा असेल तर?"

हा प्रश्न त्या मुलीनेच विचारला, कारण आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. आत बसवलेली भिंग कधीकधी स्वतः चमकते आणि बाहुलीत खोलवर दुसरा छोटा ठिपका दिसतो. इथे तो नव्हता. पण दिसला तर डाग समजून पुसू नका, ती चमक खरी असते. जाड चष्मा असेल तर मात्र प्रकरण वेगळं. काचेवरचं प्रतिबिंब आणि डोळ्यातला ठिपका एकमेकांच्या अंगावर येतात, आणि असे फोटो मी शक्यतो पुन्हा काढायला सांगतो.

पुन्हा काढायचा असेल तर इलाज फुकट आहे. माणसाला दाराकडे तोंड करून, उंबऱ्याच्या आत हातभर बसवायचं आणि आपण दाराच्या बाजूला उभं राहायचं. दुपारी बाहेरच काढावा लागला तर मांडीवर पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा, चौकटीत न येईल असा. खालून एक फिकट ठिपका मिळतो, मुख्य नाही, पण बटण तरी राहत नाही.

झालं की नाही ते कसं ओळखायचं

मी फोटो इतका लहान करतो की चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा होतो, आणि थर बंद-चालू करतो. चालू असताना नजर माझ्याकडे वळली पाहिजे, पण ठिपका वेगळा दिसता कामा नये. दिसला तर तीव्रता खाली. मग फोटो डावा-उजवा उलटवून बघतो. डोळ्यांना सवय झालेली चूक उलट्या फोटोत लगेच सापडते. आजीच्या फोटोत पहिल्यांदा दुसऱ्या डोळ्यातला ठिपका तीन पिक्सेल नाकाकडे गेलेला असा सापडला.

शेवटी कागद. १२ × १६ इंचांवर आजीचं बुबुळ जेमतेम एक सेंटिमीटरचं आणि ठिपका पावणेदोन मिलिमीटरचा येणार होता. मॅट कागदावर उजळ भाग स्क्रीनपेक्षा मंद दिसतात, म्हणून आधी फक्त डोळ्यांची पट्टी कापून ४ × ६ च्या कागदावर छापून घेतली. ६५ टक्के कमी पडत होते, ७२ केले. मुलीने दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या, ठिपका कुठला ते तिला सांगता आलं नाही, आणि तिने ७२ वाली उचलली.